वेषांतर, घोटाळा आणि गोड शेवट : शेक्सपिअरची सुखात्मिका वाचताना नेमकं काय शोधायचं?

आज समोर बसलेल्यांत बी.ए.चे विद्यार्थी बरेच आहेत आणि काही जणांच्या हातात ‘ट्वेल्फ्थ नाइट’ची प्रतही दिसतेय. तेव्हा थेट विषयालाच हात घालतो. तुम्हाला निबंध लिहायचा आहे : या नाटकात शेक्सपिअरच्या सुखात्मिकेचे संकेत कोणते दिसतात? बहुतेक निबंध असे असतात : वेषांतर आहे, उदाहरण व्हायोला. ओळखीचा घोटाळा आहे, उदाहरण जुळी भावंडं. शेवटी लग्नं आहेत. संपलं. यातलं एकही विधान चूक नाही. पण हे वाचून परीक्षकाला नाटकाबद्दल काहीच नवं कळत नाही, कारण हीच यादी शेक्सपिअरच्या आणखी तीन-चार नाटकांना जशीच्या तशी लावता येते.

संकेत ओळखण्याचं काम काही नवं नाही. हे नाटक नवीन होतं तेव्हाही लोक ते करत होते. 2 फेब्रुवारी 1602 ला लंडनच्या मिडल टेंपलमध्ये, म्हणजे वकिलीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, या नाटकाचा प्रयोग झाला. जॉन मॅनिंगहॅम नावाचा कायद्याचा एक विद्यार्थी तिथे हजर होता आणि त्याने आपल्या रोजनिशीत या प्रयोगाची नोंद केली. तो लिहितो की हे नाटक ‘कॉमेडी ऑफ एरर्स’सारखं आहे, प्लॉटसच्या जुन्या लॅटिन नाटकासारखं आहे आणि एका इटालियन नाटकाच्या तर फारच जवळचं आहे. म्हणजे त्याने संकेत लगेच ओळखले. पण त्याला आवडलं काय? प्रेमी जोड्यांबद्दल तो काही लिहीत नाही. खोटं पत्र लिहून एका कारभाऱ्याला कसं बनवलं, ती युक्ती त्याने सविस्तर लिहून ठेवली. गंमत म्हणजे त्या कारभाऱ्याची मालकीण विधवा आहे असं तो लिहून बसला. नाटकात ती विधवा नाही. भावाच्या मृत्यूचा शोक करणारी अविवाहित बाई आहे. काळे कपडे बघून त्याने परस्पर ठरवलं असावं. ओळखीच्या घोटाळ्याचं नाटक बघताना प्रेक्षकाचाही असा घोटाळा झाला!

हा कारभारी, माल्व्होलिओ, लक्षात ठेवा. आपण शेवटी त्याच्यापाशीच येणार आहोत.

गोष्ट थोडक्यात

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी बहीण-भावंडं. त्यांचं जहाज बुडतं. व्हायोला इलिरियाच्या किनाऱ्याला लागते. तिला वाटतं, भाऊ गेला. परक्या मुलखात एकटी तरुण मुलगी. तिला वाचवणाऱ्या कप्तानाच्या मदतीने ती पुरुषी वेष घेते, सेझारिओ असं नाव लावते आणि तिथल्या ड्यूक ऑर्सिनोच्या चाकरीत राहते. ऑर्सिनोचं प्रेम ऑलिव्हियावर. तो सेझारिओला आपला निरोप्या म्हणून तिच्याकडे पाठवतो. ऑलिव्हिया प्रेमात पडते, पण सेझारिओच्या. आणि सेझारिओ, म्हणजे व्हायोला, स्वतः ऑर्सिनोच्या प्रेमात. तिकडे ऑलिव्हियाच्या घरात तिचा दारुडा नातेवाईक सर टोबी, ऑलिव्हियाशी लग्न करायला आलेला भोळसट सर अँड्र्यू आणि हुशार दासी मारिया मिळून कडक शिस्तीच्या माल्व्होलिओची खोड मोडायचा बेत करतात. आणि सेबॅस्टियन? तो जिवंत असतो.

पहिला संकेत : वेषांतर. पण ते कोणासाठी?

वेषांतराबद्दल पहिली गोष्ट अशी की त्यावर विश्वास कसा बसतो, हा प्रश्न विचारायचा नसतो. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘संगीत मानापमान’मध्ये भामिनी वनमाला बनून धैर्यधरासमोर येते. चेहरा तोच, तरी याने ओळखलं कसं नाही, असं थिएटरात कोणी ओरडत नाही. 1911 साली ती भामिनी तर बालगंधर्व करत होते, म्हणजे पुरुष स्त्री होऊन, पुन्हा वेगळ्या स्त्रीचं सोंग घेणार. शेक्सपिअरच्या व्यावसायिक रंगभूमीवरही स्त्रीभूमिका मुलगेच करत. म्हणजे व्हायोलाच्या वेळी मुलगा मुलगी झालेला, आणि ती मुलगी पुन्हा मुलगा झालेली. प्रेक्षकाने हे मान्य करायचं. हा करार आहे. संकेत या शब्दाचा अर्थच तो.

म्हणून निबंधात विचारायचा प्रश्न वेगळा : या वेषामुळे पात्राला काय करता येतं आणि काय करता येत नाही?

व्हायोलाचं बघा. पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात कळतं की जेमतेम तीन दिवसांच्या ओळखीत ऑर्सिनोने सेझारिओपुढे आपलं मन उघडं केलंय. स्त्रीच्या वेषात तिला इतकं जवळ जाता आलंच नसतं. हा वेषाचा फायदा. पण त्याच प्रवेशाच्या शेवटी ती प्रेक्षकांना सांगते की ज्याच्यासाठी मी मागणी घालायला चाललेय, त्याची बायको व्हायला मलाच आवडेल. म्हणजे वेषाने तिला ऑर्सिनोच्या शेजारी नेऊन बसवलं आणि त्याच वेषाने तिचं तोंड बंद केलं. दुसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ती त्याला एका बहिणीची गोष्ट सांगते, जिने आपलं प्रेम कधी बोलूनच दाखवलं नाही. ती बहीण म्हणजे ती स्वतः. सरळ सांगता येत नाही म्हणून आडून सांगते आणि ऑर्सिनोला पत्ता लागत नाही.

आता याची ‘अॅज यू लाइक इट’मधल्या रोझालिंडशी तुलना करा. तीही पुरुषवेष घेते, पण त्या वेषात ती प्रियकराला खेळवते, त्याची परीक्षा घेते, शेवटची सगळी जुळवाजुळव स्वतः करते. व्हायोला असं काही करत नाही. दुसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, ऑलिव्हियाने पाठवलेली अंगठी हातात घेऊन ती उभी असते. घोटाळा तिच्या लक्षात येतो आणि ती म्हणते, ही गाठ माझ्याच्याने सुटायची नाही, काळच सोडवील. संकेत एक, उपयोग उलटे. निबंधात असा फरक एक जरी दाखवलात तरी ती यादी राहत नाही.

दुसरा संकेत : ओळखीचा घोटाळा. इथे कागद-पेन्सिल घ्या

विद्यार्थी वेषांतर आणि ओळखीचा घोटाळा यांना एकच समजतात. ते एक नाहीत. वेषांतर कोणीतरी मुद्दाम करतो. घोटाळा समोरच्याच्या डोक्यात होतो आणि त्यासाठी वेष लागतोच असं नाही. सेबॅस्टियनने कुठलंही सोंग घेतलेलं नाही, तरी त्याला सगळे सेझारिओ समजतात.

घोटाळा तपासायची एक साधी रीत सांगतो. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात प्रवेश, दुसऱ्यात ‘कोणाला ठाऊक आहे’, तिसऱ्यात ‘कोणाला ठाऊक नाही’. प्रेक्षकांचं नाव दर वेळी यातल्या एका रकान्यात लिहाच. हे केलं की एक गोष्ट दिसते. सेबॅस्टियन जिवंत असल्याचं आपल्याला दुसऱ्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात कळतं. शेक्सपिअरला हे पाचव्या अंकापर्यंत झाकून ठेवता आलं असतं. मग केवढा धक्का बसला असता! पण त्याने तसं केलं नाही. का? कारण आपल्याला आधी ठाऊक असल्यामुळेच पुढच्या प्रत्येक प्रसंगाला आपण हसू शकतो. हा भाऊ मेलेलाच असता तर ऑलिव्हियाची अवस्था केविलवाणी झाली असती, कारण तिच्यासाठी सुटकेची वाटच उरली नसती. घोटाळा सुटणार याची खात्री प्रेक्षकाला अगोदर देऊन ठेवायची आणि मग घोटाळा मनसोक्त वाढवायचा, ही सुखात्मिकेची पद्धत.

आता तिसऱ्या अंकाचा चौथा प्रवेश याच रीतीने बघू. सर टोबीने मजेखातर अँड्र्यू आणि सेझारिओ यांची तलवारबाजी लावून दिलेली आहे. दोघंही थरथर कापतायत. तेवढ्यात अँटोनिओ येतो. हा सेबॅस्टियनचा मित्र. त्यानेच त्याला समुद्रातून वाचवलंय. ऑर्सिनोच्या राज्यात तो जुना शत्रू आहे, सापडला तर धडगत नाही, तरी मित्रासाठी आलाय. त्याला वाटतं, समोर सेबॅस्टियनच आहे. तो तलवार उपसतो आणि शिपाई त्याला पकडतात. तो मित्राकडे आपली पैशांची थैली परत मागतो, कारण त्याने ती सेबॅस्टियनला वापरायला दिली होती. व्हायोला म्हणते, कुठली थैली? मी तुम्हाला ओळखतही नाही. ती दयेने स्वतःजवळचे अर्धे पैसे देऊ करते, पण त्याला वाटतं की अडचणीत सापडल्यावर मित्र उलटला.

रकाने भरा. प्रेक्षकांना सगळं ठाऊक. अँटोनिओला काहीच ठाऊक नाही. आणि व्हायोला? इथे पेन्सिल थांबते. अँटोनिओच्या तोंडी सेबॅस्टियन हे नाव आलंय आणि ते तिने ऐकलंय. ती भावासारखेच कपडे, तेच रंग घालून वावरतेय, हे ती इथेच सांगते. भाऊ जिवंत असेल, अशी आशा तिच्या मनात आता पालवली आहे. म्हणजे ती तिसऱ्या रकान्यातून दुसऱ्याकडे सरकतेय. एकाच प्रसंगात अर्धा मिनिट आधी आपण हसत होतो आणि आता एका माणसाचा विश्वासघात झालाय असं त्याला वाटतंय. अँटोनिओचं दुःख खरं आहे, कारण मात्र खोटं. या प्रवेशाबद्दल निबंधात लिहायचं तर ‘इथे विनोद निर्माण होतो’ एवढ्यावर थांबू नका. विनोदाची किंमत कोणी मोजली, तेही लिहा.

माल्व्होलिओ : संकेत उलटा फिरतो

आता कारभारी. मारियाचं अक्षर मालकिणीच्या अक्षरासारखं आहे. ती एक प्रेमपत्र लिहून माल्व्होलिओच्या वाटेत टाकते. पत्रावर त्याचं नाव नाही, नुसती चार अक्षरं आहेत. ती अक्षरं आपल्या नावात आहेत, एवढ्यावरून तो ओढूनताणून पत्र स्वतःला लावून घेतो. हा ओळखीचा घोटाळाच. फक्त इथे माणसाऐवजी हस्ताक्षराची ओळख चुकते. पत्रात सांगितल्याप्रमाणे तो पिवळे मोजे चढवतो, त्यावर आडव्या पट्ट्या बांधतो आणि एकसारखा हसत ऑलिव्हियासमोर उभा राहतो. हे त्याचं वेषांतर. आपण सोंग घेतलंय हे व्हायोलाला ठाऊक असतं. माल्व्होलिओला ठाऊक नसतं. म्हणून पहिल्यात आपण पात्राच्या बाजूने असतो आणि दुसऱ्यात त्याच्यावर हसतो.

पुढे त्याला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात. विदूषक फेस्टे धर्मगुरूचा झगा आणि दाढी लावून त्याची चौकशी करायला जातो. आणि मारिया फेस्टेला म्हणते की झगा आणि दाढी नसती तरी चाललं असतं, त्याला तू दिसतच नाहीस. हे बारकाईने बघा. पूर्ण नाटकभर वेष पाहणाऱ्याला फसवण्यासाठी होता. इथे पाहणारा अंधारात आहे. वेषाची गरजच नाही. मग तो कोणासाठी? आपल्यासाठी, म्हणजे हसणाऱ्या प्रेक्षकांसाठी. इथे हसू थोडं अडखळतं. अडखळलं नाही तर प्रवेश पुन्हा वाचा.

तिसरा संकेत : उत्सवी शेवट. डोकी मोजा

नाटकाचं नावच सणाचं आहे. नाताळनंतरची बारावी रात्र म्हणजे नाताळच्या उत्सवाचा शेवट. त्या दिवसांत खाणंपिणं, सोंगं, मालक-नोकरांची उलटापालट चाले, आणि मग सगळे आपापल्या कामाला लागत. तेव्हा शेवटी उत्सव आहे, हे खरं. पण तो तपासायचा कसा? सोपं आहे : शेवटच्या प्रवेशात डोकी मोजा. कोण जोडीने आहे, कोण एकटं आहे, कोण रंगमंचावरच नाही.

ऑलिव्हिया आणि सेबॅस्टियन यांना धर्मगुरूने आधीच एकत्र बांधलंय. ऑर्सिनो व्हायोलाला मागणी घालतो. सर टोबीने मारियाशी लग्न केल्याची नुसती बातमी कळते. आता एकटे : अँटोनिओ जुळी भावंडं समोर बघून चकित होतो, पण त्याचं पुढे काय झालं ते नाटक सांगत नाही. डोकं फुटलेल्या अँड्र्यूला सर टोबी सगळ्यांदेखत गाढव ठरवतो. फेस्टे शेवटी एकटा उरतो आणि वारा-पावसाचं गाणं म्हणतो. आणि माल्व्होलिओ तुम्हा सगळ्यांचा सूड घेईन म्हणून निघून जातो.

आता या व्याख्यानातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील. व्हायोलाची ओळख पटते, तरी ती शेवटपर्यंत पुरुषवेषातच राहते. का? ती सांगते की माझे बायकी कपडे कप्तानाकडे आहेत. आणि कप्तान कुठे? तुरुंगात. कोणाच्या फिर्यादीवरून? माल्व्होलिओच्या. फिर्याद कसली, ते शेक्सपिअरने सांगितलेलं नाही. पण तुरुंगाची किल्ली त्याने नेमकी या माणसाच्या हातात ठेवली आहे. माल्व्होलिओ रागाने निघून जातो तेव्हा ऑर्सिनो म्हणतो, त्याच्या मागे जा, समजूत काढा, कप्तानाबद्दल त्याने अजून काही सांगितलं नाही. आणि व्हायोलाला तो पुन्हा सेझारिओ म्हणूनच हाक मारतो. वेष बदलशील तेव्हा माझी राणी होशील, असं म्हणतो.

म्हणजे गाठ कशी बसली बघा. उत्सव पुरा व्हायला लग्न हवं. लग्नासाठी वेष उतरायला हवा. वेष उतरायला कपडे हवेत. कपडे कप्तानाकडे, कप्तान माल्व्होलिओच्या फिर्यादीत अडकलेला, आणि माल्व्होलिओला तर याच मंडळींनी घोटाळा करून चिरडलेला. ज्याला उत्सवाबाहेर ढकललं, त्याच्यावाचून उत्सव पुरा होत नाही. तिन्ही संकेत इथे एका धाग्यात ओवले आहेत.

निबंधात हे कसं उतरवायचं

तुम्ही इंग्रजीत लिहाल. मी मराठीत नमुना सांगतो. कच्चा परिच्छेद असा : ‘नाटकाचा शेवट आनंदी आहे. सर्व गैरसमज दूर होतात आणि प्रेमी एकत्र येतात.’ यातलं ‘सर्व’ तपासलंत की चूक सापडते. पक्का परिच्छेद असा : ‘शेवटच्या प्रवेशात घोटाळा सुटतो, पण वेषांतर संपत नाही. व्हायोलाचे कपडे माल्व्होलिओच्या फिर्यादीत अडकलेल्या कप्तानाकडे आहेत. त्यामुळे ऑर्सिनोशी तिचं लग्न नाटक संपल्यानंतरच होऊ शकतं, आणि तेही अपमानित झालेल्या माणसाची समजूत पटल्यावर. शेक्सपिअर उत्सवी शेवटाचा संकेत पाळतो आणि त्या उत्सवात कोणाला जागा मिळाली नाही, हेही दाखवतो.’ चारच वाक्यं. संकेताचं नाव, प्रवेशातला पुरावा आणि त्यातून निघणारं म्हणणं, तिन्ही त्यात आहेत.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, वेषांतर आणि घोटाळा सापडला की नाटक सुखात्मिका आहे असं म्हणायचं का?*

नाही. ‘किंग लिअर’मध्ये केंट वेष पालटून राजाची चाकरी करतो, एडगर वेड्या भिकाऱ्याचं सोंग घेतो. ती शोकांतिका आहे. तिथे राजाला सत्य कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. सुखात्मिकेत सत्य वेळेवर कळतं. तेव्हा नुसता संकेत बघू नका. तो सुटतो कधी, ते बघा.

*प्रश्न : आणि लग्न नसेल तर सुखात्मिका नाही?*

‘लव्हज लेबर्स लॉस्ट’ वाचा. चार जोड्या तयार आहेत, आता लग्नंच लागणार, तेवढ्यात राजकन्येचे वडील वारल्याची बातमी येते आणि बायका सांगतात, एक वर्ष थांबा. संकेत मोडलेला आहे आणि तो मोडलाय हे पात्रच बोलून दाखवतं. मोडलेला संकेतही निबंधात लिहायचा असतो. किंबहुना तोच आधी लिहा.

*प्रश्न : माल्व्होलिओवर अन्याय झाला असं लिहिलं तर चालेल?*

ऑलिव्हियाच तसं म्हणते, त्यामुळे पुरावा तुमच्या हातात आहे. पण दुसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश विसरू नका. पत्र सापडायच्या आधीच तो ऑलिव्हियाचा नवरा होऊन सर टोबीला कसा फैलावर घेईन, याची स्वप्नं रंगवत असतो. मारियाने फक्त त्या स्वप्नाला कागद पुरवला. दोन्ही बाजू मांडा आणि मग तुमचं मत द्या. इथेच थांबू या.